चौथ्या कोपऱ्यावरचा एक न्यूटन

*ताई, मी बारावी सायन्सला आहे. राहते कोपरखैरण्याला, क्लास ठाण्याला. अकरावीत व्हेक्टर्सच्या टेस्टला मला २० पैकी १८ होते. पण परवा इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या टेस्टला असा प्रश्न आला: ३० सेंमी बाजूच्या चौरसाच्या चारही कोपऱ्यांवर +२ मायक्रोकूलॉमचे चार्ज आहेत, तर एका कोपऱ्यावरच्या चार्जवर एकूण बल किती? मी तिन्ही बलं बरोबर काढली, ०.४, ०.४ आणि ०.२ न्यूटन, आणि बेरीज करून १ न्यूटन लिहून मोकळी झाले. पेपर हातात आल्यावर डोक्याला हात लावला. हे तिसऱ्यांदा झालंय. सर म्हणतात सिली मिस्टेक आहे, लक्ष देऊन सोडव. बाबा म्हणतात पाया कच्चा आहे, अकरावीचा धडा पहिल्यापासून कर. मैत्रिणीने अशा आकृत्यांची उत्तरं सरळ पाठ केलीत आणि तिचं बरोबर येतं. अकरावी परत करायला बसले तर बारावीचं मागे पडेल. मी नक्की काय करू?*

*– एक विद्यार्थिनी, नवी मुंबई*

सरांचं म्हणणं आधी घेऊ. वेंधळेपणाची चूक दर वेळी वेगळ्या जागी होते. आज वर्ग करायचा राहतो, उद्या सेंटिमीटरचे मीटर करायचे राहतात. तुझं तसं नाही. तू ३० सेंमीचे ०.३ मीटर केलेस, मायक्रोचा दहाचा घात सांभाळलास, कर्णावरच्या चार्जसाठी अंतराचा वर्ग दुप्पट होतो हेही तुझ्या लक्षात होतं, म्हणून तर ०.२ आलं. इतकं लक्ष असलेली मुलगी तिन्ही वेळा एकाच पायरीवर घसरते, तेव्हा "लक्ष दे" म्हणून काही होणार नाही. ती पायरी तुझ्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे, तिथेच बघायला हवं.

तू सोडवताना काय झालं असेल ते क्रमाने बघ. आकृती काढलीस. मग कूलॉमचा नियम लिहिलास, F = kq₁q₂/r². या सूत्रात आकडे घातले की आकडा बाहेर येतो, ०.४. तो आकडा कुठल्या दिशेचा आहे हे सूत्र सांगत नाही. दिशा आकृतीत होती, आणि आकृती तू r मोजून झाल्यावर सोडून दिलीस. पानावर एकाखाली एक तीन ओळी उरल्या: ०.४, ०.४, ०.२. प्रश्नात शब्द आहे "एकूण". आता तीन आकडे एकाखाली एक आणि वर "एकूण" असं लिहिलेलं असेल तर कुणाचाही हात बेरजेकडेच जाणार, किराणा दुकानातल्या बिलासारखा. त्यात बेरीज आली नेमकी १. इतकं गुळगुळीत उत्तर आल्यावर कोण परत तपासतं?

आता बाबांचं म्हणणं. तुझे २० पैकी १८ खरे आहेत, पण ते काय मोजतात ते बघ. अकरावीच्या त्या धड्यातला प्रश्न साधारण असा असतो: ३ आणि ४ एककांचे दोन व्हेक्टर एकमेकांशी ६० अंशाचा कोन करतात, त्यांचा रिझल्टंट काढा. व्हेक्टर आहेत हे सांगून टाकलंय, कोन हातात दिलाय, तुला फक्त R² = P² + Q² + 2PQ cos θ मध्ये आकडे घालायचेत. ते तुला येतं. बारावीच्या प्रश्नात मात्र व्हेक्टर हा शब्दच नसतो आणि कोनही दिलेला नसतो. इथे दिशा आहे आणि ती आकृतीतून काढायची आहे, हे तुझं तुलाच ओळखावं लागतं. या ओळखण्याचा सराव त्या धड्यात नाही, त्यामुळे तो धडा पुन्हा पहिल्यापासून केलास तर पुन्हा १८ पडतील आणि पुढच्या टेस्टला पुन्हा १ न्यूटन. म्हणून धडा परत करू नकोस. त्यातला घटक पाडण्याचा, म्हणजे कंपोनंट्सचा भाग तेवढा एकदा चाळ. अर्ध्या तासाचं काम आहे.

मग तोच प्रश्न आपण दुसऱ्या तऱ्हेने लिहू. चौरसाच्या कोपऱ्यांना नावं दे: खाली डावीकडे ए, खाली उजवीकडे बी, वर उजवीकडे सी, वर डावीकडे डी. बल काढायचंय सीवरच्या चार्जवर. आता पेन्सिल सीवर ठेव आणि बाकी तिघांना एकेक करून विचार, तू सीला कुठे ढकलतोस? बी बरोबर खाली आहे आणि सजातीय आहे, तो वर ढकलतो. डी डावीकडे आहे, तो उजवीकडे ढकलतो. ए कर्णाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तो वर-उजवीकडे तिरपं ढकलतो. तीन बाण, तिघांचीही शेपूट सीवर. सूत्राला अजून हात लावलेला नाही.

आता बलं काढ, पण प्रत्येक आकड्याला त्याचा बाण चिकटवून लिही:

बीमुळे: ०.४ ↑
डीमुळे: ०.४ →
एमुळे: ०.२ ↗

या तीन ओळींखाली आडवी रेघ मारून १ लिहायचा प्रयत्न करून बघ. हात अडखळतो. वर जाणारे ०.४ आणि उजवीकडे जाणारे ०.४ मिळून ०.८ कुठल्या दिशेचे लिहिणार? बाणाचा उपयोग एवढाच. तुला व्हेक्टर आठवावे लागत नाहीत, पानच आठवण करून देतं. हे चिन्ह काढायला अर्धा सेकंद लागतो, आणि माझ्या मते तुझ्या दुखण्यावर खरा उपाय एवढाच आहे. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

पुढचं तुला येतंच. तिरप्या ०.२ चे दोन घटक पाड: ०.२ × ०.७०७, म्हणजे ०.१४१४ उजवीकडे आणि ०.१४१४ वर. उजवीकडचं एकूण ०.५४१४, वरचं एकूण ०.५४१४. दोन्ही काटकोनात, म्हणून रिझल्टंट ०.५४१४ × १.४१४, म्हणजे ०.७६६ न्यूटन, कर्णाच्या दिशेने, एपासून लांब जाणारं. सममिती वापरलीस तर आणखी लवकर होतं. वरचे ०.४ आणि उजवीकडचे ०.४ यांचा रिझल्टंट ०.४√२, म्हणजे ०.५६६, आणि तो नेमका कर्णावरच पडतो. एचं बलही कर्णावरच, त्याच दिशेला. एका रेषेत, एकाच दिशेला असलेली बलं आकड्यांनी मिळवता येतात, म्हणून ०.५६६ + ०.२ = ०.७६६. इथे बेरीज चालली, कारण बाण एकावर एक पडले. मघाशी चालली नव्हती, कारण बाण तीन दिशांना होते.

बेरजेच्या चुकीवर एकदा बोलणी बसली की मुलं हमखास उलट्या बाजूला कलंडतात आणि दिसेल तिथे पायथागोरस लावतात. या प्रश्नात तसं करून बघ: ०.४ चा वर्ग ०.१६, पुन्हा ०.१६, आणि ०.२ चा वर्ग ०.०४. बेरीज ०.३६, वर्गमूळ ०.६. किती देखणं उत्तर! आणि चूक. वर्ग करून मिळवायचं ते एकमेकांशी काटकोनात असलेल्या बलांनाच, आणि इथे एचा बाण बाकी दोघांशी ४५ अंशात आहे. म्हणजे या एका प्रश्नात १.० आणि ०.६ ही दोन्ही गुळगुळीत उत्तरं चुकीची, आणि बरोबर ते ओबडधोबड ०.७६६. सीईटीला पर्याय काढणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. चुकीच्या वाटेने येणारे आकडे पर्यायांत मुद्दाम ठेवलेले असतात, त्यामुळे "माझं उत्तर पर्यायात आहे" हा काही पुरावा नाही.

आता मैत्रिणीची युक्ती. चौरस आणि चार समान चार्ज असतील तर उत्तर F(√२ + १/२), समभुज त्रिकोण आणि तीन समान चार्ज असतील तर √३F. ही पाठ करायला माझी हरकत नाही, सीईटीच्या घाईत मिनिटभर वाचतं. फक्त त्याच चौरसात बीवरचा चार्ज +२ ऐवजी –२ मायक्रोकूलॉम कर आणि तिला सोडवायला दे. आकडे जिथल्या तिथे आहेत, ०.४, ०.४, ०.२. बदलला फक्त एक बाण: बी आता सीला खाली ओढतो. ०.४ ↓ आणि ०.४ → यांचा रिझल्टंट ०.५६६ ↘. एचं ०.२ ↗. हे दोन बाण एकमेकांना काटकोनात आहेत, म्हणून उत्तर √(०.३२ + ०.०४) = ०.६ न्यूटन. मघाशी चुकलेलं ०.६ इथे बरोबर ठरलं. एवरचा चार्ज ऋण केलास, बाकी तिघे धन, तर तो कर्णावर उलटा ओढतो आणि उत्तर ०.५६६ – ०.२ = ०.३६६. तेच तीन आकडे आणि तीन निराळी उत्तरं: ०.७६६, ०.६, ०.३६६. उत्तर आकड्यांत नसतंच मुळी, ते बाणांत असतं. मैत्रिणीने पाठ केलंय ते बाणांची एकच मांडणी.

चिन्हाचं इथेच बोलून टाकते, कारण "बेरीज करायची नाही" हे कळल्यावरही मुलं इथे अडकतात. ऋण चार्ज असला की तो वजा चिन्हासकट सूत्रात घालतात, बल –०.४ येतं, आणि मग ०.४ – ०.४ + ०.२ = ०.२ अशी बेरीज होते. हीसुद्धा तीच चूक, नुसता वेष बदललेली. वजा चिन्ह फक्त एका रेषेतल्या दोन दिशा दाखवू शकतं, कागदावर तर दिशा कितीतरी आहेत. म्हणून बल आणि विद्युतक्षेत्र काढताना सूत्रात चार्जचं चिन्ह घालायचंच नाही. चिन्ह बघून बाण कुठे जातो ते ठरवायचं, सूत्रातून निव्वळ आकडा काढायचा, आणि चिन्हाचं काम तिथे संपलं. याचा ठळक पुरावा हवा असेल तर एक +q आणि एक –q घे आणि बरोबर मध्यावरचं क्षेत्र काढ. चिन्हासकट मिळवलंस तर शून्य. प्रत्यक्षात +q त्या बिंदूवर आपल्यापासून लांब ढकलतो, –q आपल्याकडे ओढतो, दोन्ही बाण एकाच दिशेला, आणि क्षेत्र एकट्या चार्जच्या दुप्पट.

मला दाट शंका आहे की ही सवय तुला पोटेन्शियलने लावली. त्याच भागात, बहुतेक त्याच आठवड्यात, तू विद्युत विभव शिकलीस. तिथे चार्ज चिन्हासकट घालायचा आणि सगळे आकडे सरळ मिळवायचे, कारण विभव अदिश आहे. त्याच चौरसात सी कोपरा रिकामा ठेवून तिथलं विभव काढलंस तर बी आणि डीमुळे प्रत्येकी ६०,००० व्होल्ट, एमुळे सुमारे ४२,४००, आणि एकूण नुसती बेरीज, सुमारे १,६२,४०० व्होल्ट. अगदी बरोबर. आकृती तीच, अंतरं तीच, सूत्रात r चा वर्ग आहे की नाही एवढाच डोळ्याला दिसणारा फरक, आणि करायचं मात्र भलतंच वेगळं. दोन्ही एका पाठोपाठ सोडवताना हाताची गफलत झाली तर नवल नाही. ही गफलत सोडवणारा एक प्रश्न वहीत लिहून ठेव: चौरसाच्या चारही कोपऱ्यांवर समान +२ मायक्रोकूलॉम, तर मध्यबिंदूवर काय? क्षेत्र शून्य, कारण समोरासमोरचे बाण एकमेकांना खोडतात. विभव सुमारे ३,३९,००० व्होल्ट, कारण तिथे खोडायला बाणच नाहीत. क्षेत्रासाठी आकडे मिळवलेस तर प्रत्येकी ४ लाखप्रमाणे १६ लाख न्यूटन प्रति कूलॉम येतील, आणि तिथे ठेवलेला चार्ज तर जागचा हलणारही नाही.

बाण कुठे काढायचे आणि कुठे नाही याची भली मोठी यादी पाठ करायची गरज नाही, पण एक फसवी जागा सांगते. विद्युतप्रवाहाला सर्किटमध्ये आपण बाण काढतो, म्हणून तो व्हेक्टर वाटतो. एका जंक्शनला एका तारेतून ३ अँपिअर आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या तारेतून ४ अँपिअर आत आले, तर तिसऱ्या तारेतून बाहेर जाणारे ७ अँपिअरच, ५ नाहीत. तारा वाकवून कोन बदललास तरी ७ च. म्हणजे बाण दिसला की व्हेक्टर असंही नाही. कसोटी अशी लाव: दोन गोष्टींमधला कोन बदलला तर एकत्रित परिणाम बदलतो का? बल, क्षेत्र, वेग, विस्थापन, चुंबकीय क्षेत्र यांत बदलतो. विभव, ऊर्जा, प्रवाह यांत बदलत नाही.

कोन बदलला की काय होतं हे कागदाबाहेर बघायचं असेल तर ठाण्याला क्लास असताना दहीहंडीसारखं उदाहरण शोधायला लांब जायला नको. रस्त्याच्या दोन बाजूंच्या इमारतींना दोर बांधून मध्ये हंडी टांगतात. हंडी भरून १० किलोची धर, म्हणजे वजन ९८ न्यूटन. दोन बाजूचे दोर ती पेलतात, तर प्रत्येक दोरात ताण किती? आकडे मिळवणारा म्हणेल निम्मा निम्मा, ४९ न्यूटन. पण दोर ताणून जवळजवळ आडवा बांधलेला असतो. तो आडव्या रेषेशी १० अंश झुकलाय असं धरलं, तर ताणाचा वर जाणारा घटक तेवढा वजन पेलतो: २T sin १०° = ९८, म्हणून T सुमारे २८२ न्यूटन. दोन्ही बाजूंचे मिळून आकड्यांनी ५६४, आणि त्यांचा रिझल्टंट जेमतेम ९८, कारण दोघांचीही बहुतेक ताकद एकमेकांना आडवं ओढण्यात खर्ची पडते. झोळ ३० अंशांपर्यंत वाढू दिला तर ताण ९८ वर उतरतो. हंडी तीच, दोर तोच. हा हिशेब दोराचं स्वतःचं वजन सोडून केलाय, आणि वर हंडीला लोंबकळणारा गोविंदा तर धरलेलाच नाही.

घरात बॅगा तोलायचा हुकवाला काटा असेल तर हे पाच मिनिटांत करून बघता येतं. दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली घे आणि मजबूत दोरीच्या बरोबर मध्यावर गाठ मारून बांध. दोरीचं एक टोक खिडकीच्या ग्रिलला, दुसऱ्या टोकाला काटा, आणि काटा त्याच उंचीवर हातात धर. दोन्ही दोऱ्या जवळजवळ उभ्या असताना काटा सुमारे १ किलो दाखवेल. आता काटा त्याच उंचीवर ठेवून ग्रिलपासून लांब सरकत जा. दोन दोऱ्यांमध्ये १२० अंशांचा कोन झाला की काट्यावर २ किलो दिसेल, म्हणजे एकट्या दोरीत पूर्ण बाटलीइतका ताण. आणखी ताणलंस तर त्याहून जास्त. काट्याच्या स्वतःच्या वजनामुळे थोडा फरक पडेल, आणि काटा दोरीच्याच रेषेत धरायला हवा, वाकडा नको. बाटली मात्र पूर्ण वेळ २ किलोचीच असते. एकदा हातांनी तो ताण अनुभवलास की "०.४ आणि ०.४ मिळून ०.८ च" हे लिहिताना मनगट आपोआप थबकेल.

आता रोजच्या अभ्यासात काय बदलायचं ते. कोपरखैरण्याहून ठाण्याला जाताना गाडीत वीसेक मिनिटं मिळतात. त्या वेळात इलेक्ट्रोस्टॅटिक्समधले पाच-सहा प्रश्न घे आणि अर्धेच सोडव. आकृती काढ, कोणावरचं बल किंवा कुठल्या बिंदूवरचं क्षेत्र विचारलंय त्यावर गोल कर, बाण काढ, आणि रिझल्टंट साधारण कुठल्या दिशेला जाईल तो बाण अंदाजाने तुटक रेषेने काढ. गणित नाही, उत्तर नाही, पुढचा प्रश्न. तुझी आकडेमोड चांगली आहे, तिचा सराव तुला नको आहे. घरी आल्यावर त्यातला एखादाच पूर्ण कर आणि तुटक बाण बरोबर निघाला का बघ. दोन आठवडे एवढंच. पुढे चुंबकत्वात एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन कॉइल येतील, त्यांच्या सामाईक केंद्रावरचं क्षेत्र काढताना तेव्हाही हाच क्रम. एसी सर्किटमध्ये रेझिस्टन्सवर ३० व्होल्ट आणि इंडक्टरवर ४० व्होल्ट असूनही सोर्स ७० ऐवजी ५० व्होल्टचा निघेल. तिथे बाण दिशेचे नसून फेजचे आहेत, पण मांडणी अशीच.

बाण काढताना दोन जागी जपायचं. पहिली, विचारलेल्या चार्जवरचेच बाण काढायचे. मुलं एबरोबर बी, बीबरोबर डी अशी सगळी जोडीजोडीची बलं काढत बसतात आणि आकृतीचं जाळं होतं. दुसरी, कोन नेहमी शेपटीशेपटीतला घ्यायचा. समभुज त्रिकोणात एक चार्ज ढकलत असेल आणि दुसरा ओढत असेल तर बलांमधला कोन १२० अंश असतो, पण आकृतीत त्रिकोणाचे ६० दिसतात आणि हात तेच लिहितो. दोन्ही बलं ०.४ असतील तर १२० ला उत्तर ०.४ आणि ६० ला ०.६९, म्हणजे फरक थोडाथोडका नाही.

परीक्षेत उत्तर आल्यावर दहा सेकंदांची एक तपासणी कर. सगळी बलं आकड्यांनी मिळव, इथे १.०. ही वरची हद्द. सगळे बाण एकाच दिशेला असतील तरच उत्तर तिथे पोचतं, एकही बाण वाकडा असेल तर उत्तर त्याहून कमीच यायला हवं. म्हणजे तुझी जुनी बेरीज वाया गेली नाही, फक्त ती आता उत्तराच्या जागी न लिहिता समासात लिहायची. उत्तर समासातल्या आकड्याइतकंच आलं आणि आकृतीत बाण तीन दिशांना असतील, तर चूक सापडली. आणि बोर्डाच्या पेपरात उत्तरापुढे दिशा लिही: "कर्णावर, एपासून दूर". दिशा लिहायची हे ठरलेलं असलं की बाण आधीच काढावे लागतात.

दोन आठवड्यांनी हा प्रश्न न बघता सोडव. तोच चौरस, ३० सेंमीचा, बी, सी आणि डीवर +२ मायक्रोकूलॉम. एवर किती चार्ज ठेवला म्हणजे सीवरचं एकूण बल शून्य होईल? –८ मायक्रोकूलॉम आलं तर तू बी आणि डीची बलं अजून आकड्यांनी मिळवते आहेस, गाडीतला सराव आणखी आठवडाभर चालू ठेव. –५.६६ आलं तर पुढच्या धड्याला लाग.